हळद हळदीसारखीच दिसावी: लग्नाच्या शेकडो फोटोंना एकसारखं रूप कसं द्यायचं

सांगलीत आमच्या घरचं लग्न होतं. सकाळी अंगणात पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली हळद, दुपारी मंगल कार्यालयात मुहूर्त, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर नवरा-नवरीचे फोटो. निवडून उरलेले फोटो ६१२. मी सगळे एकदम निवडले, एक प्रीसेट लावला आणि मावशीला दाखवायला बसलो. तिसऱ्याच फोटोला ती म्हणाली, "अरे, इथं हळद केशरी आहे, इथं लिंबासारखी दिसतेय. दोन वेगळ्या हळदी आणल्या होत्या का?"

तिचं बरोबर होतं. प्रीसेट प्रत्येक फोटोवर तेवढाच बदल करतो. मुळात दोन फोटो वेगळे असतील, तर बदलानंतरही ते तितकेच वेगळे राहतात. म्हणून प्रीसेट शेवटी लावायचा. आधी फोटो एका पातळीवर आणायचे, आणि खरं काम तेच आहे.

आधी उजेडाप्रमाणे वाटणी

मी लाइटरूम क्लासिक वापरतो, म्हणून बटणांची नावं त्यातली देतो. फोटो रॉ स्वरूपात काढलेले असतील तर उत्तम, कारण रॉमध्ये रंगाचा समतोल म्हणजे व्हाइट बॅलन्स ही फक्त नोंद असते आणि ती मागाहून बदलता येते. जेपेगमध्ये तो रंग फोटोतच मुरलेला असतो.

सगळे फोटो ग्रिडमध्ये उघडा आणि उजेडानुसार रंगाची लेबलं लावा. कीबोर्डवर 6, 7, 8, 9 दाबलं की लाल, पिवळं, हिरवं, निळं लेबल लागतं. वाटणी विधींप्रमाणे करू नका. आमच्याकडे हळदीचे १८०, कार्यालयातले ३४० आणि घाटावरचे ९२ असे तीन गट पडले. पण कार्यालयातले ३४० पुन्हा दोन भागांत तोडावे लागले, कारण व्हिडिओवाल्याचा दिवा मंगलाष्टकांना चालू होता आणि जेवणाच्या पंगतीला बंद. विधी एक असो वा दहा, दिवा बदलला की गट बदलला.

प्रत्येक गटाचा एक नमुना फोटो

गटातला एक साधा, नीट उजेडाचा फोटो घ्या आणि तो मन लावून दुरुस्त करा. सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून करा. डेव्हलप मोड्यूलमध्ये W दाबलं की ड्रॉपर येतो. तो पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर टेकवायचा.

हळदीच्या फोटोंत मी चुकलो ते इथंच. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता. चेहरा जवळून घेतला की चौकटभर पिवळा रंग भरायचा. कॅमेऱ्याला वाटायचं उजेडच पिवळा आहे, म्हणून तो चित्र निळसर करायचा आणि हळद लिंबासारखी दिसायची. दूरून घेतलेल्या फोटोत अंगण, माणसं, तुळशीवृंदावन आलं की तीच हळद पुन्हा केशरी. वर मी ड्रॉपर नवरदेवाच्या बनियनवर टेकवला. ते पांढरं होतं खरं, पण त्यावर हळदीचे हात लागलेले होते. त्यामुळे सगळी त्वचा निळी पडली.

उपाय साधा निघाला. हळद लावायच्या आधीचा, त्याच मांडवातला एक फोटो शोधला. त्यात बनियन कोरं होतं. त्यावरून आलेले Temp आणि Tint हे दोन आकडे सगळ्या १८० फोटोंना दिले. पुढच्या वेळी विधी सुरू होण्याआधी त्याच जागी राखाडी कार्ड धरून एक फोटो काढून ठेवा.

कार्यालयात तर अंतरपाटासारखी सोय नाही. पांढरं कापड, आणि नेमकं नवरा-नवरी उभे असतात तिथंच धरलेलं. ड्रॉपर कुंकवाच्या स्वस्तिकापासून लांब, कापडाच्या साध्या भागावर टेकवा. फक्त तो भाग उजेडानं फाटलेला नसावा. पार पांढराफटक झालेल्या जागेत रंगाची माहितीच उरलेली नसते.

व्हाइट बॅलन्स जमला की उजळपणा, सावल्या, कॉन्ट्रास्ट थोडेथोडे बघा आणि थांबा.

आता गटाला द्या

नमुना फोटोवर आधी क्लिक करा, मग बाकीचा गट निवडा आणि Sync दाबा. यादीत व्हाइट बॅलन्सची खूण असू द्या. Crop आणि Masking यांची मात्र काढा, नाहीतर एका फोटोची चौकट सगळ्यांच्या डोक्यांवरून कापत जाईल. Auto Sync चालू राहिलेलं नाही ना, हेही बघा. ते चालू असेल तर पुढं एका फोटोत केलेला बदल निवडलेल्या सगळ्यांत होत राहतो आणि पटकन ध्यानात येत नाही.

यानंतरही काही फोटो उजळ, काही काळपट राहतील. उजेड तोच असून कॅमेऱ्यातले आकडे बदलत गेले असतील, तर गट निवडून Settings मेनूतलं Match Total Exposures वापरा. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ पाहून ते उजळपणाची भरपाई करतं. घाटावरच्या फोटोंना ते चांगलं लागू पडलं. फ्लॅशच्या फोटोंवर वापरू नका. फ्लॅशनं किती उजेड टाकला, हे त्या आकड्यांत धरलेलं नसतं. ते फोटो हातानंच नीट करा.

शेवटी ग्रिड बारीक करून एका नजरेत पूर्ण गट बघा. मी नवरीच्या शालूवर नजर ठेवतो. शालू एकच आहे, त्यामुळे ज्या चौकटीत तो वेगळा दिसतो ती लगेच डोळ्यांत भरते. ६१२ पैकी साधारण चाळीस फोटो असे सापडले आणि खरा वेळ त्यांनाच लागला. स्टेजच्या जांभळ्या दिव्यांत न्हालेले चेहरे कोणत्याही सेटिंगनं सुधारत नाहीत. ते मी कृष्णधवल केले. एलईडीमुळे आलेले आडवे काळे पट्टेही अशा एकगठ्ठा दुरुस्तीत जात नाहीत. ते फोटो काढतानाच टाळायचे: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचं.

स्क्रिप्ट कुठं कामाला येते

नातेवाइकांना पाठवायच्या लहान प्रतींसाठी. फोटो जेपेगमध्ये sRGB निवडून एक्सपोर्ट करा, त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि इमेजमॅजिक चालवा:

```
mkdir lahan
magick mogrify -path lahan -auto-orient -resize "2048x2048>" -quality 85 *.jpg
```

यात `-path` विसरू नका. ते नसेल तर mogrify मूळ फाइलवरच लिहितं. `>` या खुणेमुळे मोठे फोटोच लहान होतात, लहान फोटो ताणले जात नाहीत.

मोबाइलवरचे जेपेग उजळायचे असतील, तर अनेक जण `-normalize` लावतात. एकसारखेपणा हवा असेल तर ते नको. ते प्रत्येक फोटोचा हिशोब वेगळा करतं, त्यामुळे काळ्या शेरवानीचा फोटो एका तऱ्हेनं आणि पांढऱ्या भिंतीचा दुसऱ्याच तऱ्हेनं ताणला जातो. त्याऐवजी ठरलेले आकडे द्या:

```
mkdir ujal
magick mogrify -path ujal -auto-orient -level 2%,96%,1.1 *.jpg
```

हे आकडे आधी त्या गटातल्या पाच फोटोंच्या प्रतींवर चालवून बघा. कपाळ किंवा पांढरं धोतर फाटत असेल तर 96% चं 99% करा. कमांड .bat फाइलमध्ये ठेवणार असाल तर प्रत्येक % दोनदा लिहा.

काम झालं की दोन्ही फोल्डरमधल्या फायली मोजा. माझ्या पहिल्या खेपेला ६१२ च्या जागी ५९८ निघाल्या. उरलेल्या चौदांच्या नावात शेवटी .jpg ऐवजी .JPG होतं, आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात.