पुट ऑफ, गिव्ह अप, कॉल ऑन: रिकाम्या जागेत नेमका अर्थ कसा ओळखावा

'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, एवढंच पाठ केलेला उमेदवार या वाक्यापाशी अडतो: 'द स्मेल ऑफ द ड्रेन ___ द कस्टमर्स.' पर्याय आहेत पुट ऑफ, पुट अप, पुट ऑन, पुट अवे. गिऱ्हाइकं पुढे ढकलता येत नाहीत म्हणून तो 'पुट ऑफ' खोडतो, आणि बरोबर उत्तर तेच असतं. इथे अर्थ आहे मन उडवणे, नकोसं करणे.

म्हणून आधी पर्याय हाताने झाका आणि रिकाम्या जागेत मराठी क्रियापद घालून वाक्य वाचा. गटाराच्या वासाने गिऱ्हाइकांचं काय होईल, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

मग रिकाम्या जागेच्या उजवीकडे बघा. खरी खूण बहुधा तिथेच असते. 'पुट ऑफ'नंतर मीटिंग, लग्न किंवा आयएनजी लावलेलं क्रियापद आलं, शिवाय पुढे 'टिल मंडे' असलं, तर ढकलणे. माणूस आला तर बहुतेक वेळा मन उडवणे. पण माणसापाठोपाठ 'विथ एक्सक्यूजेस' दिसलं, तर सबबी सांगून वाटेला लावणे.

'गिव्ह अप'नंतर काहीच नसेल तर हार मानणे. 'स्मोकिंग' असेल तर सवय सोडणे. इथे 'टू स्मोक' चालत नाही, चूक शोधायच्या प्रश्नात हे आवर्जून येतं. 'हिमसेल्फ' आलं तर शरण जाणे: 'ही गेव्ह हिमसेल्फ अप टू द पोलीस.' नुसतं 'टू द डिमांड्स' असेल, तर मात्र 'गेव्ह इन' हवं. दोन्हीकडे 'टू' असल्यामुळे गल्लत होते. 'हिमसेल्फ' आहे की नाही, ते पाहा.

'कॉल ऑन'चं एक वाक्य सोडवून पाहू: 'द स्पीकर ___ द मिनिस्टर टू रिप्लाय.' पर्याय: कॉल्ड ऑफ, कॉल्ड ऑन, कॉल्ड ॲट, कॉल्ड अवे. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. मंत्री रद्द होत नाही. 'कॉल ॲट'नंतर घर किंवा ठिकाण लागतं. 'कॉल अवे' म्हणजे कामासाठी दुसरीकडे बोलावून नेणे; सभागृहात उत्तर द्यायला ते जुळत नाही. उरलं 'कॉल्ड ऑन'. पण 'भेटायला जाणे' हाच अर्थ डोक्यात असेल, तर तेही खटकतं. माणूस, मग 'टू' आणि क्रियापद, अशी रचना दिसली की अर्थ होतो: अमुक करायला सांगणे, आवाहन करणे. माणसापाशीच वाक्य संपलं तर सहसा भेट.

शेवटी सर्वनाम तपासा. 'पुट इट ऑफ', 'गिव्ह इट अप' बरोबर. 'पुट ऑफ इट' चूक. 'कॉल ऑन' मात्र फुटत नाही: 'कॉल ऑन हिम' म्हणायचं, 'कॉल हिम ऑन' नाही. क्रियापद आणि रिकामी जागा यांच्यामध्ये 'हिम' बसवलेला दिसला, तर भेटीच्या किंवा आवाहनाच्या अर्थाने 'ऑन' घालू नका.