प्रवासाची वही बॅग भरण्याआधी आखून ठेवा

प्रवासाची वही बहुतेकांची दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बंद पडते. दिवसभर पायपीट करून खोलीवर यावं, कोरं पान उघडावं आणि आता यात काय लिहायचं इथूनच सुरुवात करावी, एवढं त्राण कुणातही उरलेलं नसतं. म्हणून वहीचं निम्मं काम निघण्याआधी घरीच उरकायचं. पानं आखून, रकाने पाडून, वरच्या ओळी लिहून ठेवल्या की रात्री फक्त भरायचं काम राहतं आणि ते दहा मिनिटांत होतं.

वही खिशात मावेल अशी घ्या. ए-सिक्स आकार, म्हणजे साधारण 105 बाय 148 मिलिमीटर, बरा पडतो. त्याहून मोठी वही बॅगेत जाते आणि बॅगेत गेलेली वही दिवसा बाहेर येत नाही. सोबत एक बॉलपेन आणि एक पेन्सिल ठेवा. जेल पेनची शाई पान ओलं झालं की पसरते, शाईपेन विमानात हवेचा दाब बदलला की गळू शकतं, कडाक्याच्या थंडीत बॉलपेनही अडखळतं. पेन्सिल या तिन्ही ठिकाणी लिहिते. पानांना आकडे घाला. पहिल्या पानावर आपलं नाव आणि घरच्या कुणाचा तरी फोन नंबर असू द्या. पिन, पासवर्ड, कार्डाचा पूर्ण नंबर वहीत कुठेही नको, अगदी 'फक्त मलाच कळेल' अशा खुणांतसुद्धा नको.

आता वहीला दोन तोंडं करा. पुढून रोजच्या नोंदी, वही उलटी करून मागून खर्च. दोन्ही मधल्या कोऱ्या पानांकडे वाढत जातात, त्यामुळे कशाला किती पानं लागतील याचा आधी अंदाज बांधावा लागत नाही. पुढच्या बाजूला पहिल्या दोन पानांवर सामानाची यादी उतरवा. प्रत्येक वस्तूपुढे एक छोटी चौकट मोकळी सोडा. तिचा उपयोग पुढे सांगतो.

रोजच्या नोंदीसाठी प्रवासाचे जितके दिवस तितकी जोडपानं राखून ठेवा आणि प्रत्येकावर तारीख, वार आणि मुक्कामाचं ठिकाण घरीच लिहा. खाली चार शीर्षकं पुरतात: कुठून कुठे आणि किती वेळ लागला, काय पाहिलं, कोण भेटलं, पुढच्या वेळी. यातलं पहिलं सगळ्यात रुक्ष वाटतं, पण पुढचा प्रवास आखताना त्याच्याइतकं कामाला दुसरं काही येत नाही. 'स्टेशनवरून मुक्कामी आलो' या ओळीला काही किंमत नाही. 'गाडी 4.10 ला पोचली, सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत 4.35, वाहन मिळालं 4.50 ला, खोलीत 5.40' या ओळीवरून पुढच्या वेळी गाडी पोचल्यावर दीड तास हातात धरायचा हे कळतं. वेळा नेहमी त्या ठिकाणच्या घड्याळाच्या लिहा. फोन बहुधा आपोआप वेळ बदलतो, वेगळ्या कॅमेऱ्यातलं घड्याळ हातानेच बदलावं लागतं. ते निघतानाच जुळवून घेतलं तर नंतर फोटो आणि नोंदी एकमेकांना धरून चालतात. 'काय पाहिलं' या जागेत निबंध लिहायचा मोह टाळा. जे फोटोत येत नाही तेवढंच लिहा: वास, आवाज, रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचं एखादं वाक्य.

मागच्या बाजूला खर्च. पाच रकाने आखा: तारीख, कशासाठी, रक्कम, रोख की कार्ड, कुणी दिले. गटाने जाणार असाल तर शेवटचा रकाना सोडूच नका, हिशेबावरून होणारे रुसवे बहुतेक तिथेच थांबतात. खर्चाचे प्रकार चार-पाचच ठेवा: प्रवास, मुक्काम, जेवण, तिकिटं आणि किरकोळ. पंधरा प्रकार केले की कुठला खर्च कशात टाकायचा यातच रात्र जाते.

रोख खर्चाची नोंद बरोबर आहे की नाही, हे ओळखायचा एकच खात्रीचा मार्ग आहे आणि तो जुन्या रोजमेळाचाच आहे. सकाळची हातशिल्लक, त्यात दिवसभरात काढलेली रोकड मिळवा, त्यातून लिहिलेला रोख खर्च वजा करा. जे उरतं तेवढे पैसे रात्री पाकिटात असले पाहिजेत. समजा सकाळी पाकिटात 8,500 होते आणि दुपारी एटीएममधून 5,000 काढले. वहीत रोख खर्चाच्या चार नोंदी आहेत: 640, 1,250, 300 आणि 2,100, म्हणजे 4,290. पाकिटात 9,210 असायला हवेत, पण मोजल्यावर 8,960 निघाले. 250 कुठे गेले? आता दिवस उलटा आठवत जायचं, संध्याकाळकडून सकाळकडे. सामान ठेवायच्या लॉकरचे 200 आणि पाण्याच्या बाटलीचे 50 निघतात. हे आठवणं त्याच रात्री जमतं. तीन दिवसांनी तीच तूट 'किरकोळ' या नावाखाली जाते आणि पुढच्या प्रवासाच्या अंदाजातून लॉकर पुन्हा गळतो. दहा मिनिटं डोकं खाजवूनही सापडलं नाही, तर 'न सापडलेले' असं स्पष्ट लिहून शिल्लक प्रत्यक्ष रकमेवर आणा आणि झोपा. फरक दडवून आकडे जुळवून घेतले तर दुसऱ्या दिवसाचा ताळाही लागत नाही.

परक्या चलनात खर्च होणार असेल तर वहीत तिथल्याच चलनात लिहा, दर नोंदीला मनातल्या मनात गुणाकार करत बसू नका. मात्र रोकड काढाल तेव्हा खात्यातून किती गेले आणि हातात किती आले, या दोन्ही रकमा टिपा. खात्यातून 9,300 गेले आणि हातात तिथले 100 आले, तर तुमचा खरा दर 93. बातम्यांत दिसणारा दर 90 असला तरी मधलं शुल्क तुम्हीच भरलेलं असतं, तेव्हा हिशेबाला 93 च धरायचे. कार्डाच्या खर्चापुढे घरी जाऊन पक्की रक्कम लिहायला जागा सोडा, कारण खात्यावर तो व्यवहार दोन-चार दिवसांनी थोड्या वेगळ्या आकड्याने चढू शकतो. परत मिळणारी अनामत खर्चात धरू नका. तिच्यापुढे गोल करा आणि पैसे परत आले की गोलात बरोबरची खूण करा. रिकामा गोल राहिला तर पैसे मागायचे आहेत.

पावत्यांसाठी वहीच्या मागे एक कागदी पाकीट चिकटवा. दुकानांतल्या गुळगुळीत पावत्या बहुतेक थर्मल कागदाच्या असतात. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकचं पाकीट यांनी त्यांवरची अक्षरं उडतात. म्हणून रक्कम त्याच दिवशी वहीत उतरवायची आणि जी पावती पुढे दाखवावी लागणार आहे तिचा फोटो काढायचा. रात्री लिहून झालं की दोन्ही बाजूंच्या त्या दिवसाच्या पानांचाही एक-एक फोटो घ्या. वही हरवली तरी नोंदी वाचतील.

राहिलं 'पुढच्या वेळी'. इथे लोक हमखास तक्रारी लिहितात. 'खूप गर्दी होती', 'खोली वाईट', 'पाय दुखले'. वर्षभराने हे वाचून काहीच करता येत नाही. ओळ अशी हवी की ती वाचून बॅग भरणाऱ्याने किंवा तिकीट काढणाऱ्याने काहीतरी वेगळं करावं. 'खोली वाईट'च्या जागी 'रस्त्याच्या बाजूची खोली नको, बुकिंग करतानाच मागची मागायची'. 'पाय दुखले'च्या जागी 'नवे बूट निघण्याआधी दोन आठवडे रोज घालायचे'. रोज एकच ओळ पुरे. काहीच सुचलं नाही तर रकाना रिकामा राहू द्या, ओढूनताणून काढलेला धडा खऱ्या धड्यांची गर्दी वाढवतो. एक गोष्ट जरूर पाहा: हा धडा त्या ठिकाणापुरता आहे की कुठेही लागू पडेल? ठिकाणापुरत्या ओळीपुढे 'ठि' लिहा, बाकीच्यांपुढे काही नको. घरी आल्यावर हीच निवड करायला बसलं तर कंटाळा येतो.

सामानाच्या यादीतल्या चौकटी परतीच्या आदल्या रात्री भरायच्या, बॅग पुन्हा भरताना. वस्तू वापरली तर बरोबर, बाहेरच आली नाही तर फुली, आणि जी नव्हती म्हणून विकत घ्यावी लागली ती यादीच्या तळाशी. औषधं आणि पावसाचं सामान यांना फुलीचा नियम लावू नका, न लागणं हेच त्यांचं चांगलं असतं. बाकी फुलीवाल्या वस्तू पुढच्या खेपेला घरी राहतील.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत तासभर काढा, कार्डाच्या रकमा पक्क्या करा आणि बेरीज मांडा. इथे एकूण खर्चाला दिवसांनी भागायचं नाही, त्याने पुढचा अंदाज चुकतो. समजा सहा दिवस, पाच रात्रींच्या प्रवासाला 48,000 लागले. भागाकाराने दिवसाला 8,000 येतात आणि नऊ दिवसांचा प्रवास 72,000 चा वाटतो. पण त्यातले 18,000 जाण्यायेण्याचं भाडं आणि विम्याचे होते, ते प्रवासाला एकदाच लागतात, आणि विमा थोडा वाढला तरी भाडं दिवसांमुळे वाढत नाही. मुक्कामाचे 12,000 पाच रात्रींचे, म्हणजे रात्रीला 2,400. उरलेले 18,000 सहा दिवसांचे, दिवसाला 3,000. आता नऊ दिवस, आठ रात्री धरा: 18,000 अधिक 19,200 अधिक 27,000, म्हणजे 64,200. जवळपास आठ हजारांचा फरक पडला. हे तीन आकडे, म्हणजे एकदाचा खर्च, रात्रीचा दर आणि दिवसाचा दर, वहीच्या शेवटच्या पानावर ठळक लिहून ठेवा.

त्याच बैठकीत 'ठि' नसलेल्या ओळी पुढच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवा आणि फुल्या गाळून, तळाच्या वस्तू चढवून सामानाची नवी यादी तिच्यातच लिहा. पुढची वही अजून घेतलेली नसेल तर दोन्ही कागदांवर लिहून रिकाम्या बॅगेच्या आतल्या खणात ठेवा. बॅग उघडली की ते आधी हाताला लागतात.