तळ्यातला गाळ काढण्याचा अर्ज : या चुका टाळा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रामपंचायतीत अर्ज येतो : ‘गावतळे गाळाने भरले आहे, पावसाळ्यापूर्वी साफ करून मिळावे, ही विनंती.’ खाली वीस सह्या. अर्जाला आवक क्रमांक मिळतो, तो फाईलला लागतो आणि दहा जूनला वळवाचे पाणी तळ्यात साचते. अशा वेळी दोष सगळा पंचायतीच्या माथी मारला जातो. पण हा अर्ज मंजूर करायचा म्हटला तरी करणार काय? तळे कोणाचे, गाळ किती आणि तो जाणार कुठे, यातले काहीच त्यात नाही. शिवाय वेळही उरलेली नाही.

तळे कोणाचे, हे न पाहता अर्ज करणे

गावाच्या हद्दीत आहे म्हणून तळे ग्रामपंचायतीचेच असेल असे नाही. त्याच्या गट नंबरचा सातबारा काढा आणि कब्जेदार म्हणून कोणाची नोंद आहे ते पाहा. दुष्काळी कामांवर बांधलेले पाझर तलाव बहुतेक जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे असतात. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामे जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठी राज्याच्या मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे, अशी साधारण विभागणी आहे. तळे दुसऱ्या खात्याचे निघाले तरी अर्ज ग्रामपंचायतीलाच द्यायचा. मागणी मात्र बदलायची. ‘गाळ काढावा’ याऐवजी ‘गाळ काढण्याचा ठराव करून तो संबंधित विभागाकडे पाठवावा’ असे लिहायचे. अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो तो बहुतेक वेळा ‘गाळ काढावा’ या एका वाक्यामुळे.

गाळाचा अंदाज काठावरून घेणे

सर्वात महागात पडणारी चूक हीच. समजा, तळे काठापासून काठापर्यंत ७५ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद आहे आणि गाळ सरासरी ०.८ मीटर खोल आहे. तिन्हींचा गुणाकार ३,३०० घनमीटर येतो आणि तोच आकडा अर्जात जातो. पण तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, गाळ काठावर नसतो. तो साचलेला भाग मोजला तर ६० बाय ४० मीटरच भरतो आणि खरा गाळ निघतो १,९२० घनमीटर. अभियंता पाहणीला आला की हा फरक पहिल्या तासातच त्याच्या लक्षात येतो. मग अर्जातल्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

खोली अंदाजाने लिहू नये. तळे आटले की पाच ठिकाणी अरुंद खड्डे घ्यावेत : पाणी येते त्या तोंडाशी, मध्यभागी, बांधाच्या बाजूला आणि गाळाच्या दोन्ही कडांना. गाळ काळा, मऊ आणि थराथरांचा असतो. वाळला की त्याला भेगा पडतात. खाली मूळ तळ लागला की कुदळीचा आवाज बदलतो आणि मुरूम किंवा घट्ट चिकण माती दिसू लागते. गाळाची खोली तिथपर्यंतच धरायची. समजा, पाच मापे १.१, ०.८, ०.७, ०.६ आणि ०.८ मीटर आली. बेरीज ४.०, म्हणून सरासरी ०.८. प्रत्येक खड्ड्यात टेप धरून फोटो घ्या. दहा ओळींच्या वर्णनापेक्षा तो फोटो जास्त काम करतो.

अर्जात एकक घनमीटरच ठेवा. गावात सगळे ब्रासमध्ये बोलतात, पण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. आपले १,९२० घनमीटर म्हणजे सुमारे ६७८ ब्रास. एका कागदावर ब्रास आणि दुसऱ्यावर घनमीटर असले की हिशेबाची फाईल तपासणीत परत येते.

गाळ नेणाऱ्यांची यादी न जोडणे

यंत्र आले, गाळ निघाला आणि नेणारा कोणी नाही, तर तो काठावरच टाकला जातो आणि पहिल्याच पावसात परत तळ्यात उतरतो. म्हणून अर्जासोबत गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी हवी. त्यात प्रत्येकाचे नाव, गट नंबर, गाळ पसरायचे क्षेत्र, लागणारे घनमीटर आणि सही असावी.

ही यादी गाळाच्या आकड्याशी जुळली पाहिजे. एकरी ४०० घनमीटर धरले तर रानात साधारण १० सेंटिमीटरचा थर बसतो. या हिशेबाने १,९२० घनमीटर गाळ पाच एकरांनाही पुरत नाही. तरी बारा जण प्रत्येकी एक एकर लिहून सही करून मोकळे होतात. मग ४,८०० घनमीटरची मागणी आणि १,९२० घनमीटरचा गाळ असा कागद तयार होतो आणि गाळ निघायच्या आधीच भांडण सुरू होते. वाटप आधीच बसून ठरवा. थर कमी करा, नाहीतर नावे कमी करा.

मुरमाड, हलक्या रानाला गाळाचा खरा फायदा होतो. आधीच भारी काळी जमीन असेल तर तिच्यात आणखी चिकणमाती घालून निचरा बिघडतो. म्हणून यादीत हलक्या रानाचे शेतकरी वर ठेवा. गावचे सांडपाणी ज्या तळ्यात येते, त्याचा गाळ शेतात टाकण्याआधी तपासून घेतलेला बरा.

२०२३च्या शासन निर्णयानुसार ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत यंत्र आणि इंधनाचा खर्च शासन देते. अत्यल्प व अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकऱ्यांना गाळ पसरण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये मिळतात. एकरी १५,००० रुपये आणि अडीच एकरांपर्यंत एकूण ३७,५०० रुपये ही मर्यादा आहे. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणत्या गटात बसतो ते लिहून ठेवा. मोठ्या शेतकऱ्याला गाळ स्वखर्चाने न्यावा लागतो आणि हे त्याला सही घेतानाच सांगितलेले चांगले.

ट्रॅक्टर न मोजता दिवस ठरवणे

‘जेसीबी लावला की आठ दिवसांत काम फत्ते’ असे सगळे म्हणतात. उकरलेला गाळ फुगतो. तो सव्वापट धरला तर १,९२०चे सुमारे २,४०० घनमीटर होतात. ट्रॉलीत तीन घनमीटर बसतात असे मानले तर ८०० खेपा होतात. जेसीबी तासाला दहा ट्रॉल्या भरत असेल तर आठ तासांत ऐंशी, म्हणजे काम दहा दिवसांचे. पण रान दोन किलोमीटरवर असेल आणि जाऊन-येऊन, रिकामे करून एका खेपेला पाऊण तास लागत असेल, तर चार ट्रॅक्टर दिवसभरात चाळीसेक खेपाच करतात. काम वीस दिवसांवर जाते आणि यंत्र निम्मा वेळ ट्रॉलीची वाट पाहत उभे राहते. वेग ट्रॅक्टरवर ठरतो, म्हणून अर्जात ट्रॅक्टर किती आणि कोणाचे तेही लिहा. दहा दिवसांत काम संपवायचे तर इथे आठ ट्रॅक्टर लागतात.

आता मागे मोजत या. मेच्या अखेरीस वळवाच्या सरी येतात, तळ ओला होतो आणि भरलेली ट्रॉली रुतते. म्हणून काम २० मेपर्यंत संपायला हवे. चार ट्रॅक्टर धरले तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करावी लागते. त्याआधी पाहणी, अंदाजपत्रक आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीची मान्यता. हे सगळे बसवायचे तर ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत व्हायला हवा आणि अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे सभेची नोटीस निघण्याआधी, पोहोचायला हवा. १ मेची ग्रामसभा या कामासाठी उशिराची आहे. जानेवारीत तळ्यात पाणी असतेच, त्यामुळे खड्डे घेता येत नाहीत. तेव्हा गेल्या उन्हाळ्यातली मापे अर्जात द्या, नसतील तर ‘अंदाजे’ असे स्पष्ट लिहून एप्रिलमध्ये मोजणी करून द्या.

अर्जाचा मजकूर असा असावा :

> प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी.
> विषय : गट नं. ___ मधील गावतळ्यातील गाळ काढण्याबाबत ठराव होणे.
> महोदय, वरील गटातील तळ्यात सुमारे ६० × ४० मीटर क्षेत्रात सरासरी ०.८ मीटर, म्हणजे अंदाजे १,९२० घनमीटर गाळ साचला आहे. हा गाळ नेण्यास सोबतच्या यादीतील शेतकरी तयार असून गट नंबर, क्षेत्र व सह्या जोडल्या आहेत. वाहतुकीसाठी ८ ट्रॅक्टर उपलब्ध आहेत. गट नं. ___ मधून वाट देण्यास जमीनमालकांची लेखी संमती आहे. तरी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेऊन ठराव करावा व तो संबंधित विभागाकडे पाठवावा, ही विनंती.
> सोबत : सातबारा, मापांचा तक्ता व फोटो, शेतकरी यादी, संमतिपत्र.

वाटेची संमती विसरू नका. तळ्यापर्यंतचा रस्ता एखाद्याच्या रानातून जात असेल आणि ऐन कामात त्याने ट्रॉली अडवली, तर तोंडी शब्दाला काही अर्थ उरत नाही.

अर्ज दिला की पोच घ्या आणि आवक क्रमांक त्याच प्रतीवर लिहून घ्या. ग्रामसभेत विषय नुसता चर्चेला आला तर पुढे काही होत नाही. इतिवृत्तात ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि तळ्याचा गट नंबर असायला हवा. ठरावाची प्रत आठ-दहा दिवसांत मागून घ्या. पुढे काही हालले नाही तर गटविकास अधिकाऱ्यांना त्या प्रतीसह लिहा, किंवा ठराव कोणत्या तारखेला कुठे पाठवला ते माहितीच्या अधिकारात विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

काम सुरू झाल्यावर होणारे घोटाळे

मऊ गाळ संपला की काही जण मुरूमही उचलतात. मुरूम हे गौण खनिज आहे. त्याला परवानगी आणि स्वामित्वधन लागते आणि तहसीलदारांनी काम थांबवायला एवढे कारण पुरते. शिवाय गावतळ्याचा चिकण तळ फुटला की पाणी मुरून जाते आणि जानेवारीतच तळे कोरडे पडते. तोंडाशी जाड वाळू साचलेली असते, तीही या योजनेतून उचलता येत नाही.

बांधाच्या आतल्या पायथ्याला खोदू नका. तिथली माती गेली की बांध आतल्या बाजूने घसरतो आणि भरलेल्या तळ्यात त्याला आधार राहत नाही. पायथ्यापासून किती अंतर सोडायचे ते अभियंत्याकडून जागेवर चुन्याने आखून घ्या. सांडव्याच्या तोंडासमोर गाळाचा ढीग राहिलेला नाही, हेही शेवटच्या दिवशी पाहावे.

प्रत्येक खेपेची नोंद एका वहीत ठेवा : तारीख, ट्रॅक्टर, कोणाच्या शेतात आणि घेणाऱ्याची सही. कामाच्या अखेरीस तळ्याचे माप पुन्हा घेतले जाते. वहीतल्या खेपांना ट्रॉलीच्या तीन घनमीटरने गुणून आणि सव्वाने भागून आलेले घनमीटर त्या मापाशी जुळले, तरच अनुदानाची यादी पुढे सरकते. हे माप तळ्यात पाणी यायच्या आत व्हावे लागते.