बेडच्या बाजूचे वॉल लाईट : गादी न बघता पॉईंट काढलात की फसलात (या चुका टाळा)

मी पुण्यात छोटी-मोठी इंटिरियरची कामं बघते, आणि सगळ्यात मोठी चूक मात्र स्वतःच्याच घरात केली, म्हणून आधी तीच सांगते. बेडरूमचं वायरिंग चालू होतं, वायरमननी विचारलं, "ताई, ब्रॅकेट किती उंचीवर घेऊ?" आणि मी फोनवर बोलता बोलता म्हटलं, घ्या की नेहमीसारखं साडेपाच फुटावर. साडेपाच फूट हे हॉलमधल्या, पॅसेजमधल्या वॉल लाईटसाठी बरोबर आहे कारण तिथे माणूस उभा असतो, चालत असतो. बेडवर माणूस टेकून बसलेला असतो हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. झिऱ्या मारून, पाईप टाकून, प्लास्टर होऊन, रंगाचे दोन हात होऊन मग बेड आला आणि पहिल्याच रात्री पुस्तक घेऊन बसले तर शेडच्या आतला बल्ब सरळ डोळ्यात.

आकडे सांगते म्हणजे कळेल. बेड लो हाईटचा, 12 इंच. त्यावर 6 इंचाची गादी, बसल्यावर ती इंचभर दबते, म्हणजे आपण बसतो जमिनीपासून 17 इंचावर. टेकून बसल्यावर माझे डोळे गादीपासून साधारण 29 इंच वर येतात, म्हणजे जमिनीपासून 46 इंच. आणि माझा पॉईंट 66 वर! दिव्याची शेड भिंतीला टेकणाऱ्या बेस प्लेटच्या मध्यापासून 4 इंच खाली लोंबते, तरी शेडची खालची कड 62 वर, डोळ्यांपेक्षा 16 इंच वर. खालून उघडी असलेली शेड डोक्याच्या इतकी वर असली की बल्ब दिसणारच, त्यात दिव्याचा काही दोष नाही.

साधा नियम असा की बेडवर टेकून बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा इंच-दोन इंच खाली यायला हवी. म्हणजे बल्ब दिसत नाही आणि उजेड मांडीवरच्या पानावर पडतो. नवरा-बायकोच्या उंचीत फरक असेल तर जो बुटका त्याचे डोळे धरा, कारण उंच माणसाच्या मापाने लावलं तर बुटक्याला खालून बल्ब दिसतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळी उंची ठेवू का असं काही जण विचारतात, नका ठेवू, भिंत वाकडी दिसते, त्यापेक्षा मुंडी फिरणारा दिवा घ्या.

दिवा हातात नसताना बॉक्स बसवणं

इथे बहुतेक सगळे अडकतात, कारण वायरिंग आधी होतं आणि दिवे घ्यायला आपण वास्तुशांतीच्या आठवड्यात धावतो. पण भिंतीत वायरींचा जोड राहतो तो जंक्शन बॉक्स जिथे, तिथे दिव्याची बेस प्लेट, आणि शेड तिथेच येईल असं अजिबात नाही. वरच्याच 46 इंचाच्या डोळ्यांचं बघा. शेड बेसपासून 4 इंच खाली येणारा दिवा असेल तर बॉक्सचा मध्य 50 इंचावर हवा. आणि ज्याचा दांडा बेसवरून वर जाऊन शेडची खालची कड बेसच्या 3 इंच वर राहते तसा दिवा घेतलात तर बॉक्स 43 वर. एकच माणूस, एकच बेड, आणि बॉक्समध्ये 7 इंचाचा फरक! म्हणून मी आता क्लायंटला सांगते की दिवा विकत नका घेऊ हवं तर, पण मॉडेल पक्कं करा आणि दुकानात टेप लावून एकच माप घ्या, बेस प्लेटच्या मध्यापासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत.

बेस प्लेटची रुंदीही तेव्हाच बघा. हल्ली त्या बारीक उभ्या पट्टीच्या बेसची फॅशन आहे, अडीच इंच रुंद, आणि भिंतीत बॉक्स तीन-साडेतीन इंचाचा गोल. मग दोन्ही बाजूंनी बॉक्सचे कान बाहेर डोकावतात आणि पुट्टी भरत बसावं लागतं.

काही वायरमन बॉक्सच बसवत नाहीत, पाईपच्या तोंडातून तीन वायरी बाहेर काढून ठेवतात आणि दिवा लावताना टेप गुंडाळून जोड आत कोंबतात. तसं करू देऊ नका. जोड बॉक्समध्ये कनेक्टर लावूनच हवा, आणि धातूचा दिवा असेल तर अर्थिंगची हिरवी वायर बेसला जोडलेली हवी, ती कापून आत दुमडून टाकलेली मी किती वेळा बघितलीय. दिव्यामागे लाकडी पॅनेलिंग येणार असेल तर बॉक्सचं तोंड पॅनेलच्या पृष्ठभागापर्यंत पुढे आणायला सांगा, नाहीतर बॉक्स राहतो मागे भिंतीत आणि जोड येतो प्लायच्या पोकळीत, जिथे गरम झाला तर कुणाला दिसतही नाही.

अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही. बॉक्समधून पाईप सहसा सरळ खाली स्विचबोर्डकडे जातो, आणि बऱ्याच दिव्यांच्या बेस प्लेटची स्क्रूची भोकं वर आणि खालीच असतात. खालचं भोक ड्रिल केलं की पाईपमधून थेट वायरीत. प्लास्टर व्हायच्या आधी झिरीवर टेप धरून फोटो काढून ठेवा, आणि पाईप नेमका भोकाखाली येत असेल तर तो बॉक्समधून बाजूने काढून थोडा वळवून खाली न्यायला सांगा.

स्विंग आर्म किती लांब?

दुकानात हे बाजूला फिरवता येणारे दांडे, म्हणजे आर्म, सगळे लांबच वाटतात. घरी लावल्यावर कळतं की दिवा साईड टेबलवरच उजेड पाडतोय आणि पुस्तक अंधारात.

क्वीन साईझ बेड धरा, 60 इंच रुंद. एकेकाला 30 इंच, म्हणजे आपण गादीच्या कडेपासून 15 इंच आत बसतो. दिवा आपल्या बाहेरच्या खांद्याच्या आसपास यायला हवा, म्हणजे कडेपासून साधारण 7 इंच आत. आणि भिंतीपासून निदान 10 इंच पुढे, कारण हेडबोर्डची गादीच 3-4 इंच खाते, वर आपलं डोकं. दिवा डोक्याच्या मागे राहिला तर स्वतःच्याच डोक्याची सावली पानावर पडते.

आता पॉईंट साईड टेबलच्या बरोब्बर मध्यावर घेतला, जे सगळ्यांना सुंदर दिसतं, तर तो गादीच्या कडेपासून 11 इंच बाहेर जातो. बाजूने 18 इंच, पुढे 10 इंच, तिरकं अंतर झालं साडेवीस इंच. बाजारात सहज मिळणारा 18 इंची आर्म पोचतच नाही. तोच पॉईंट कडेपासून 6 इंचावर घ्या, बाजूने 13, पुढे 10, तिरकं साधारण साडेसोळा. आता 18 चा आर्म पोचतो आणि थोडा हातचाही उरतो. पाच इंच सरकवल्याने एवढा फरक. आर्म मोजताना बेसच्या सांध्यापासून शेडच्या मध्यापर्यंत मोजा, खोक्यावरचा आकडा कधी टोकापर्यंतचा असतो.

हेडबोर्ड बेडपेक्षा रुंद असेल तर मात्र आधी त्याचं माप घ्या, नाहीतर 6 इंचावरचा बेस अर्धा त्याच्या मागे जायचा, माझ्या एका कामात सुताराला हेडबोर्डचा कोपरा कापून द्यावा लागला होता.

आणि आर्म मिटल्यावर कुठे जातो तेही बघायचं. 10 फुटी भिंतीवर मध्ये बेड म्हणजे दोन्हीकडे 30 इंच उरतात. पॉईंट 6 वर, तर बाजूच्या भिंतीपर्यंत 24 इंच. एकसंध 18 इंची आर्म बाहेरच्या बाजूला मिटला आणि शेडची निम्मी रुंदी 4 इंच धरली तर 22 झाले, कसाबसा बसला. तिथे कपाट असेल तर दार उघडताना रोज ठोकर. अशा खोलीत मधे सांधा असलेला, 9 आणि 9 चा, दुमडणारा आर्म घ्या. एवढी जागाही नसेल तर स्विंग आर्मचा नाद सोडा, छोटा लवचिक मानेचा फोकस लाईट हेडबोर्डवरच बसवा, त्याचा उजेड अरुंद पडतो आणि शेजारी झोपलेल्याची झोपही मोडत नाही.

लावून झाल्यावर येणाऱ्या तक्रारी

आर्म खाली झुकतो : आधी सांध्याचा स्क्रू आवळून बघा. त्याने थांबलं नाही तर बेस प्लेटची वरची कड भिंतीपासून सुटलीय का ते नखाने तपासा. आर्म ताणला की सगळं वजन वरच्या स्क्रूला ओढतं, आणि नवीन बिल्डिंगमधल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत स्क्रूची साधी गिट्टी काही महिन्यांत सैल होते. तिथे त्या ब्लॉकसाठीचीच लांब नायलॉनची गिट्टी लागते, जुन्या भोकात काड्यापेटीच्या काड्या कोंबून चालत नाही.

आर्म हलवला की लुकलुकतो : सांध्यातली वायर पिळून पिळून तुटत आलीय. वापर बंद करा आणि वायर बदलून घ्या.

बंद केल्यावरही एलईडी मिणमिणतो : स्विचमध्ये इंडिकेटरचा छोटा लाल दिवा असेल तर बहुतेक त्याचंच काम. तो नसेल तर वायरमनला स्विच बंद ठेवून होल्डरमध्ये टेस्टर लावायला सांगा. टेस्टर पेटला तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसलाय असं समजा, म्हणजे बंद दिव्यातही करंट आहे. हे त्याच दिवशी बदलून घ्यायचं, बल्ब बदलताना हात लागला तर शॉक बसेल.

राहिला प्रश्न माझ्या 66 इंचाच्या पॉईंटचा. भिंत परत फोडायची माझी तयारी नव्हती. जुन्या घरांत दिव्याखाली लाकडी गोल ब्लॉक असायचा ना, तसंच केलं. सुताराकडून सागाची 5 इंच रुंद, 24 इंच उंच पट्टी करून घेतली, मागच्या बाजूला उभी खाच पाडली, जुन्या बॉक्सपासून खाचेतून पाईपचा तुकडा खाली आणला आणि पट्टीतच 50 इंचावर छोटा धातूचा बॉक्स बसवला. जुना बॉक्स पट्टीखाली झाकला, पण त्याच्यातला जोड काढून तिथून अखंड वायर ओढली, कारण झाकलेल्या बॉक्समध्ये जोड ठेवायचा नसतो. दोन्ही बाजूंना तशाच पट्ट्या. आलेले पाहुणे म्हणतात डिझाईन छान आहे, आणि मी गप्प बसते.