या चुका टाळा: ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ भलत्याच शब्दाला लावू नका

कोल्हापुरात छापायला येणारी पत्रकं तपासताना एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. जोर एका शब्दावर द्यायचा असतो आणि ‘च’ लागलेला असतो शेजारच्या शब्दाला.

राजारामपुरीतल्या एका सोसायटीत टाकी धुवायची होती. रविवारी सकाळी नळ बंद राहणार, पाणी फक्त संध्याकाळी. फलकावर मात्र लिहिलं होतं, ‘रविवारीच संध्याकाळी पाणी येईल’. लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला: बाकीच्या दिवशी संध्याकाळचं पाणी बंद, सकाळचं रोजच्यासारखं चालू. शनिवारी कुणी पाणी साठवलं नाही. रविवारी सकाळी नळ कोरडे आणि जिन्यात भांडणं. हवं होतं ते ‘रविवारी संध्याकाळीच पाणी येईल’. त्याच वाक्यात ‘पाणीच येईल’ म्हटलं तर पाण्याशिवाय दुसरं काही येणार नाही, आणि ‘येईलच’ म्हटलं तर येण्याची खात्री. बोलताना आवाज चढवून चुकीच्या जागेचा ‘च’ सावरता येतो, फलकाला आवाज नसतो.

माझी सवय अशी: ‘च’ लावला की विचारायचं, ‘मग कोण किंवा काय वगळलं?’ सकाळ वगळायची असेल, तर ‘च’ ‘संध्याकाळी’ला. नकारात तर हे जास्तच जपा. ‘तोच आला नाही’ म्हणजे बाकीचे आले, ‘तो आलाच नाही’ म्हणजे त्याचं येणं झालंच नाही. ‘कालच आला’ला मात्र ही कसोटी लावू नका. तिथं ‘च’ वगळत नाही, नुकतंच घडलं एवढं सांगतो.

‘ही’ची खोड वेगळी. मोबाईलवर घाईनं टाइप करणारे मध्ये जागा सोडतात आणि अर्थ फिरतो. ‘शाळाही बंद’ म्हणजे इतरांबरोबर शाळासुद्धा बंद. ‘शाळा ही बंद’ वाचताना ‘ही’ सर्वनाम वाटतं, कुठली तरी एक शाळा बोटानं दाखवल्यासारखं. एक स्पेस वाचवायलाही ज्यांना वेळ नाही, त्यांनी सूचना लिहायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विभक्ती आधी, ‘ही’ नंतर: ‘भावालाही’, ‘घरातही’.

‘सुद्धा’ही जोडूनच लिहा, आणि ‘सुध्दा’ नको, ‘द’ला ‘ध’ जोडलेला ‘सुद्धा’. जागा इथेही अर्थ ठरवते. ‘कोल्हापूरच्या माणसालासुद्धा तांबडा रस्सा तिखट लागला’ यात नवल माणसाचं आहे. ‘कोल्हापूरच्या माणसाला तांबडा रस्सासुद्धा तिखट लागला’ यात ते रश्शाकडे जातं, बाकीचं जेवण तिखट होतंच. नवल कशाचं आहे ते आधी ठरवा, मग त्या शब्दाला ‘सुद्धा’ लावा.

‘मीहीसुद्धा’ लिहू नका, दोन्हींपैकी एक पुरे. ‘फक्त सभासदांनाच’ इतकं खटकत नाही, पण मी ‘फक्त’ खोडतो.