गुंतवणूकदारासाठी स्टार्टअपचा एका परिच्छेदातील सारांश कसा लिहावा

गुंतवणूकदाराला पाठवायचा सारांश बहुधा संस्थापकाच्या अनुपस्थितीत वाचला जातो. ओळख करून देणारी व्यक्ती तो जसाच्या तसा पुढे पाठवते, गुंतवणूक संस्थेतील एखादा विश्लेषक तो वाचतो आणि पटला तर आपल्या वरिष्ठांकडे सरकवतो. या प्रवासात शंका निरसन करायला आपण कुठेच नसतो. त्यामुळे समस्या, ट्रॅक्शन म्हणजे ग्राहक व उत्पन्नातून दिसणारी प्रत्यक्ष प्रगती, बाजारपेठ आणि निधीची गरज या चारही गोष्टी शे-सव्वाशे शब्दांत अशा मांडाव्या लागतात, की एका वाक्यातील आकड्यावरून पुढच्या वाक्यातील आकडा वाचणाऱ्याला स्वतः काढता यावा. असा मेळ बसवायचा असेल, तर परिच्छेद ज्या क्रमाने वाचला जातो त्याच क्रमाने लिहायला बसू नये. आधी ट्रॅक्शन निश्चित करावे, त्यावरून बाजारपेठ आणि निधी काढावा, आणि समस्येचे वाक्य सर्वांत शेवटी लिहावे.

ही रीत एका काल्पनिक उदाहरणावर पाहू. औषधांच्या गोदामांतील शीतकक्षांत तापमान मोजणारे संवेदक बसवून, तापमान मर्यादेबाहेर जाऊ लागताच व्यवस्थापकाला फोनवर इशारा देणारी एक कंपनी आहे. प्रत्येक शीतकक्षामागे ती दरमहा ३,००० रुपये शुल्क घेते.

पहिली पायरी: ट्रॅक्शन

सर्वाधिक वेळ या वाक्यावर घालवावा, कारण बाकीचे दावे याच्याच आधारावर उभे राहतात. प्रथम गेल्या महिनाअखेरचे तीन आकडे कागदावर घ्यावेत : पैसे देणारे ग्राहक किती, त्यांच्याकडून येणारे मासिक आवर्ती उत्पन्न किती, आणि सहा महिन्यांपूर्वी हेच उत्पन्न किती होते. आपल्या कंपनीकडे ६४ गोदामे आणि त्यांतील २१० शीतकक्ष आहेत. २१० गुणिले ३,००० म्हणजे दरमहा ६.३ लाख. सहा महिन्यांपूर्वी ७० कक्ष होते, म्हणजे उत्पन्न २.१ लाख होते. ही वाढ तिप्पट आहे, आणि महिन्याच्या हिशेबाने ती साधारण २० टक्के पडते.

येथे काय लिहू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आजवरच्या एकूण नोंदण्यांचा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून त्यातून व्यवसायाची प्रकृती कळत नाही. मोफत चाचणी घेणारी गोदामे ग्राहकांत मोजू नयेत. पुढे खरेदी करण्याची केवळ इच्छा कळवणाऱ्या इरादापत्रांचा उल्लेख करायचाच असेल, तर ती इरादापत्रे आहेत हे स्पष्ट लिहावे. ज्यांच्या व्यासपीठावरून दुसऱ्यांचा माल विकला जातो, त्यांनी एकूण विक्रीची रक्कम आणि स्वतःला मिळणारे कमिशन यांची गल्लत होऊ देऊ नये. कंपनीचे उत्पन्न म्हणजे फक्त ते कमिशन. असे फुगवलेले आकडे पुढे हिशेबाच्या तपासणीत उघडे पडतात, आणि मग खरे आकडेही संशयाने पाहिले जातात.

वाढीच्या जोडीला टिकाव दाखवणारा एक आकडा द्यावा. आपल्या उदाहरणात सहा महिन्यांपूर्वी २२ गोदामे पैसे देत होती आणि त्यांपैकी २१ आजही देत आहेत. माझ्या मते या छोट्या वाक्याचे वजन वाढीच्या टक्केवारीहून अधिक आहे, कारण जाहिरातीवर खर्च करून नवे ग्राहक आणता येतात, पण जुने ग्राहक केवळ उपयोग होतो म्हणूनच टिकतात. ग्राहक अजून मिळालेच नसतील, तर खरोखर घडलेली सर्वांत कठीण गोष्ट लिहावी, उदाहरणार्थ किती गोदामांत यंत्रणा किती दिवस अखंड चालली.

दुसरी पायरी: बाजारपेठ

एखाद्या अहवालातील अवाढव्य जागतिक आकडा उचलून ‘यातील केवळ एक टक्का मिळाला तरी’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. तो एक टक्का कोण देणार आणि का, याचे उत्तर त्यात नसते. त्याऐवजी आपल्या ग्राहकांपासून वर मोजत जावे. ६४ गोदामांत २१० कक्ष, म्हणजे गोदामामागे सरासरी ३.३. परवानाधारकांच्या यादीतून शीतकक्ष असलेली आणि आपण सेवा देऊ शकू अशी १२,००० गोदामे निघाली, तर सुमारे ४०,००० कक्ष होतात. प्रत्येकाचे वार्षिक शुल्क ३६,०००, म्हणून बाजारपेठ वर्षाला सुमारे १४४ कोटींची. हा आकडा अहवालातल्या आकड्यापेक्षा लहान दिसेल, परंतु त्याचा प्रत्येक घटक तपासता येतो. तो काही गुंतवणूकदारांना खरोखरच अपुरा वाटू शकतो. तेव्हा तो ताणण्याऐवजी अन्नपदार्थांच्या शीतगृहांसारखा पुढचा ग्राहकवर्ग वेगळ्या वाक्यात नोंदवावा.

तिसरी पायरी: निधी

रक्कम ठरवण्याआधी ती कोणत्या टप्प्यापर्यंत नेणार हे ठरवावे. आपली कंपनी १८ महिन्यांत १,५०० कक्ष गाठू इच्छिते, म्हणजे दरमहा ४५ लाख उत्पन्न. त्यासाठी महिन्याला साधारण साडेअकरा टक्के वाढ पुरते. ती आजच्या वेगाच्या निम्म्याहून थोडीच अधिक असल्याने लक्ष्य विश्वासार्ह वाटते. आता खर्चातून अपेक्षित उत्पन्न वजा करावे. ही तूट महिन्याला सरासरी २० लाख येत असेल, तर १८ महिन्यांची ३.६ कोटी होते. विलंबासाठी ४० लाख राखून मागणी ४ कोटींची ठरते. ‘३ ते ८ कोटी’ अशी रुंद पट्टी दिली की हिशेब झालेला नाही हे लगेच कळते. ‘व्यवसायवृद्धीसाठी’ हा शब्दप्रयोगही काहीच सांगत नाही. पैसा कोणत्या कामावर जाणार ते लिहावे. कंपनीचे मूल्यांकन मात्र या परिच्छेदात देऊ नये, कारण ती चर्चा भेटीनंतरची आहे.

शेवटी समस्या, आणि मग जुळणी

समस्येच्या वाक्यात ती कोणाला भेडसावते, कधी भेडसावते आणि आज त्यावर काय केले जाते, एवढे यावे. अनेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. गोदामात मात्र नोंद हाताने, दिवसातून दोनदा होत असेल, तर मधल्या तासांतील बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही. ‘शीतसाखळीत क्रांती’ यासारख्या शब्दांनी हे चित्र उभे राहत नाही. सर्व वाक्ये जुळवल्यावर परिच्छेद असा होतो :

> लसी व तापमान-संवेदनशील औषधे साठवणाऱ्या गोदामांत तापमानाची नोंद दिवसातून दोनदा हाताने होते. त्यामुळे रात्री शीतकक्ष बंद पडला तर सकाळी माल टाकून द्यावा लागतो. आमचे संवेदक तापमान सतत मोजतात आणि ते मर्यादेबाहेर जाऊ लागताच व्यवस्थापकाला फोनवर इशारा देतात. गेल्या महिनाअखेर ६४ गोदामांतील २१० शीतकक्षांतून दरमहा ६.३ लाख उत्पन्न मिळते. सहा महिन्यांपूर्वी ते २.१ लाख होते आणि तेव्हाच्या २२ ग्राहकांपैकी २१ टिकून आहेत. आम्ही सेवा देऊ शकू अशा १२,००० गोदामांत सुमारे ४०,००० कक्ष असून, सध्याच्या दराने ही वर्षाला १४४ कोटींची बाजारपेठ आहे. १८ महिन्यांत १,५०० कक्ष गाठण्यासाठी आम्ही ४ कोटींचा निधी उभारत आहोत. त्यातील दोन-तृतीयांश विक्री व जोडणीवर आणि उरलेला उत्पादनविकास व राखीव निधीवर खर्च होईल.

पाठवण्यापूर्वी तो या क्षेत्राबाहेरच्या एका व्यक्तीला एकदाच वाचायला द्यावा आणि कागद बाजूला ठेवून कंपनी काय करते व किती पैसे मागते हे विचारावे. उत्तर अडखळले तर दोष बहुधा तिसऱ्या वाक्यात, म्हणजे उत्पादनाच्या वर्णनात असतो. भेटीपूर्वी गुंतवणूकदार सहसा गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत, म्हणून ग्राहकांची नावे किंवा तंत्राचे गुपित यात घालू नये. दर महिनाअखेरीस उत्पन्नाचा आकडा बदलावा, आणि तो बदलला की त्यावर बेतलेली वाढ, टप्पा आणि मागणीही पुन्हा मोजून घ्यावी.