आधी आकडा लिहा, मग दवाखाना गाठा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप

बाळाला दवाखान्यात नेताना झबली, दुपटी, पैसे, मोबाइलचा चार्जर हे कोणीच विसरत नाही, ते सोडून देतो. विसरतो तो कागद. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि अंग तापलेलं वाटलं, तर काहीही करण्याआधी थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवा. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं, म्हणून या यादीत ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

डिजिटल थर्मामीटर घ्या. काखेतला घाम पुसा, टोक काखेत खोल ठेवा आणि बीप वाजेपर्यंत बाळाचा हात अंगाशी धरून ठेवा. कपाळाला हात लावून ‘चटका लागतो’ म्हणणं हा आकडा नव्हे. काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त आलं, तर डॉक्टरांनी बाळ त्याच दिवशी, आहे त्या वेळी, रात्रीसुद्धा बघायला हवं. ९५.९ पेक्षा कमी आलं तरी तेच, कारण एवढ्या लहान बाळाचं अंग जंतुसंसर्गात गारही पडतं.

आता आपल्याकडची अडचण. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्याच्या घरात गोधडीत गुंडाळलेलं बाळ उन्हानेही तापतं. कपडे सैल करा, हवेशीर जागी घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि दुसरा आकडाही लिहा. तो ९९.५ च्या खाली आला, बाळ नीट पीत असेल आणि एरवीसारखं असेल, तर तासाभराने परत मोजा. पण पहिलाच आकडा १००.४ च्या पुढे असेल, तर ही पंधरा मिनिटंही घालवू नका, निघा.

घशाचं काय? बाळ ‘घसा दुखतो’ असं सांगत नाही. ते स्तनाला तोंड लावतं, दोन घोट घेतं आणि रडून मान फिरवतं. आवाज बसतो, लाळ गळते. विजेरीने बघितलं तर घसा लाल दिसतो, आणि इथेच घरचे फसतात: ‘घसाच आहे, सर्दी असेल.’ रडून रडूनही घसा लाल होतो. शिवाय घसा खरंच आलेला असला, तरी त्याच तापामागे लघवीचा, रक्ताचा किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग नाही, हे घसा बघून ठरत नाही. म्हणून डॉक्टर लघवी आणि रक्त तपासतात, पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या पाठीच्या कण्यातलं पाणीही बहुतेकदा तपासतात. घाबरू नका, आणि ‘सुई नको’ म्हणून निघूनही येऊ नका. या वयात कधीकधी बाळ फक्त मलूल पडून राहतं, दुसरं लक्षण दिसत नाही.

तापाचे थेंब तपासणीआधी स्वतःहून देऊ नका. समजा रात्री ९ः१० ला १००.६ होता, ९ः२० ला थेंब दिले आणि ११ ला दवाखान्यात पोचलात. तिथे ९८.४ भरतो, आणि ‘ताप होता’ हे फक्त तुमचं म्हणणं उरतं. हातात ‘९ः१०, काख, १००.६, औषध दिलं नव्हतं’ असा कागद असेल, तर तो ताप मोजलेला ताप धरला जातो. थेंब देऊन झाले असतील तर लपवू नका, नाव, वेळ आणि किती मिली तेही त्याच कागदावर. थेंबांच्या एका मिलीत सहसा १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, पाच मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपच्या एका मिलीत २४. चमच्याच्या अंदाजाने देण्यातला धोका यातच आहे.

मध, घुटी, हळदीचं बोट, टाळू दाबणं, पडजीभ उचलणं, सगळं नाही. आजी म्हणतील, ‘काही व्हत नही, शेक दे.’ आजींना हळूच पाणी द्या आणि तुम्ही निघा.

कागदावर आणखी तीन ओळी: चोवीस तासांत लंगोट किती ओले झाले, दूध किती वेळा घेतलं, लस कधी टोचली. दीड महिन्याच्या लसीनंतर ताप येतो खरा, पण तो लसीचाच आहे हे तुम्ही ठरवायचं नाही. जन्माचं कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या.

श्वासाला आवाज येत असेल, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, झटका आला किंवा बाळ उठतच नसेल, तर घशात डोकावू नका, १०८ ला फोन करा. धडगाव-अक्कलकुव्याकडून नंदुरबार लांब पडतं, म्हणून उजाडायची वाट बघू नका. वाटेत दूध पाजत राहा, गुदमरत असेल तर थांबवा. बाकी आईचं जेवण, पाणी, आधार कार्ड. आणि तो कागद. घेतला का?